शब्दचर्चा: गुऱ्हाळावरच्या लेखात म्हणी किती ठेवायच्या?

करवीरकर: गुऱ्हाळांवरचा लेख पुन्हा लिहितोय. मूळ मजकूर: "मजूर मिळत नाहीत, ऊस कारखान्याला जातो. गुऱ्हाळं एकेक करून बंद पडली." कोरडा वाटला, म्हणून असा केला: "आधीच मजुरांची वानवा, त्यात ऊस कारखान्याला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. गुऱ्हाळवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढारी मात्र चर्चेचं गुऱ्हाळ चालवतात." आता जरा जास्तच नटलाय. काय काढू?

रंकाळा_फेरी: परिच्छेदाला एकच म्हण. कुठल्याही दोन काढा, विषय मिटला.

जुनी मुद्रितशोधक: संख्या कमी करायचीच, पण 'कुठल्याही' नको. तोंडचं पाणी पळतं ते एकाएकी घाबरल्यावर. तुमची गुऱ्हाळं तर हळूहळू बंद पडली. म्हणजे वाक्प्रचारानं माहितीच बदलली. तो आधी काढा. तेरावा महिना अर्थानं बसतो, पण 'आधीच' आणि 'त्यात' या दोन शब्दांनी एका संकटावर दुसरं आल्याचं सांगून झालंय. म्हण झाकून वाक्य वाचा, काहीच कमी होत नाही. ठेवायचीच असेल तर वाक्याची ती रचना मोडावी लागेल. 'म्हणजे' लावून म्हण शेपटासारखी जोडली की ती नंतर चिकटवलेली दिसतेच. 'म्हणतात ना' लिहिलं तरी तेच.

दहावीचा पालक: आमच्याकडं तर उलटंय वो. म्हणी वापरल्या की मार्क मिळतात म्हणे. यादी आहे का कुणाकडं?

जुनी मुद्रितशोधक: दादा, 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नात वाक्प्रचाराचा अर्थ कळावा म्हणून वाक्य रचतात. लेखात वाक्य आधीच असतं. शाळेतली ती सवय पुढं लेखात उतरते आणि मग असं होतं.

करवीरकर: आणि चर्चेचं गुऱ्हाळ?

जुनी मुद्रितशोधक: तेच ठेवा. खऱ्या गुऱ्हाळाशेजारी आल्यावर त्याला धार येते. मात्र बैठका झाल्या, निर्णय झाला नाही, हे लेखात आधी आलेलं हवं; नाहीतर नुसता टोमणा. मी असं लिहीन: "मजूर मिळेनात, ऊस कारखान्याला जाऊ लागला. एकेक चुलवाण थंड पडलं. चर्चेचं गुऱ्हाळ तेवढं चालू आहे." 'पुढारी मात्र' गेलं, कारण 'तेवढं' मध्ये तो विरोध आला.

रंकाळा_फेरी: वाक्य झकास. पण 'चुलवाण थंड पडलं' हेही अलंकारिकच की. मग दोन झाले.

जुनी मुद्रितशोधक: चुलवाण खरोखरच थंड पडलंय. ते मोजू नका.

गूळ_अडत: मला पटत नाही. गुऱ्हाळात रस आटतो, गूळ निघतो. ज्या चर्चेतून काहीच निघत नाही तिला आमच्या धंद्याचं नाव कशाला? शहरात हसतील, शिरोळ-करवीरच्या गुऱ्हाळवाल्याला लागेल.

करवीरकर: वाचणारे निम्मे तेच आहेत. "बैठका तेवढ्या चालू आहेत" केलं तर?

जुनी मुद्रितशोधक: चालेल, पण धार गेली.

गूळ_अडत: जाऊ दे की.