शेत, खेत आणि क्षेत्र

गृहपाठ घेणारी आई : मुलीच्या वहीत 'शेत' हा शब्द देशी म्हणून लिहिलाय. मला तो 'क्षेत्र'वरून आलेला, म्हणजे तद्भव वाटतो. पण मग 'क्षीर'ची 'शीर' न होता 'खीर' का झाली?

निवृत्त संस्कृत शिक्षक : तद्भवच. लोकांना क्ष नीट म्हणता येत नाही, म्हणून ज्याने त्याने जमेल तसा मोडला. कुणी ख केला, कुणी श.

प्राकृतवाली : सर, क्ष मोडला हे खरं, पण 'जमेल तसा' नाही. प्राकृतात क्षचा कुठे 'ख' झाला, कुठे 'छ'. छ मराठीत आला की त्याचा स होतो, आणि पुढे इ किंवा ए असेल तर श. इक्षु, उच्छु, ऊस. क्षुरिका, छुरिआ, सुरी. मक्षिका, मच्छिआ, माशी. छेत्तचं शेत तसंच. हिंदीने ईख, मक्खी, खेत असा खचा रस्ता धरला. नुसती मोडतोड असती तर इतके शब्द एकाच वाटेने गेले नसते. आणि हा छ फक्त क्षमधून येत नाही. मत्स्यचा मच्छ झाला आणि त्याचा आपला मासा. वत्सचा वच्छ, त्यातून वासरू.

माझा सगळ्यात आवडता शब्द 'सण'. संस्कृतात 'क्षण'चा अर्थ उत्सव असाही आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताच्या व्याकरणात नोंदवलंय, की उत्सव असेल तर 'छण' म्हणायचं. तो छण म्हणजे आपला सण. वेळेचा 'क्षण' आपण पुढे संस्कृतातून थेट उचलला, म्हणून त्याचा क्ष शाबूत राहिला. एकच शब्द घरात दोनदा आला, दोन वेगळ्या दारांनी.

आई : मग खीर?

प्राकृतवाली : खीर, खार, काख, लाख हे खवाले शब्द मराठीत आहेतच. काही शेजारच्या बोलींतून आले असावेत, पण कोणता कुठून ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

वऱ्हाडातला : आमच्याकडं शेत म्हनतच नाहीत, वावर म्हन्तेत. मंग तो देशी धरायचा का, ताई?

शिक्षक : संस्कृत मूळ सापडलं नाही की देशी, सरळ आहे.

प्राकृतवाली : 'पोट'ला तसं म्हणता येतं. हेमचंद्राच्या देशीनाममालेत 'पोट्ट' आहे, संस्कृत मूळ पटण्यासारखं नाही. पण त्याच यादीतल्या बऱ्याच शब्दांची संस्कृत मुळं नंतर सापडली. 'वावर'मध्ये मला 'वाप', म्हणजे पेरणी, दिसते. दोन स्वरांमधल्या पचा व सहसा होतो. अडतं ते शेवटच्या 'र'वर. दादा, तुमच्याकडं जुन्या माणसांच्या तोंडी याचं वेगळं रूप आहे का?

वऱ्हाडातला : आजीला इचारतो. ते 'वावरात' म्हन्ते एवढंच आइकलंय.