खाऱ्या हवेतल्या इमारती, एक दिवसाचं चर्चासत्र: फी किती ठेवायची? (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

बी-301 (काका): फी ५०० ठेवा. चिपळूण, लांज्याहून लोक येणार, जास्त ठेवली तर कोणी फिरकणार नाही.

ए-204 (खजिनदार): काका, रात्री बसून हिशेब केला. माणसं किती का येईनात, हे द्यावंच लागणार: हॉल १५,०००, साऊंड-प्रोजेक्टर ६,०००, दोन वक्त्यांचं रेल्वे तिकीट आणि लॉज १४,०००, बॅनर-छपाई ४,०००. झाले ३९,०००. शिवाय वक्ते, पाहुणे आणि आपले कार्यकर्ते मिळून १५ जण फी न देता जेवणार. चहा-नाश्ता आणि जेवणाचे ३०० धरले तर ४,५००. म्हणजे ४३,५००.

ए-204: आता येणाऱ्या प्रत्येकामागे ३०० खाण्याचे आणि ५० फाईल-पेनचे. ५०० फी घेतली तर हातात राहतात १५०. त्या दीडशे-दीडशेतून ४३,५०० उभे करायला २९० माणसं लागतील. हॉलमध्ये खुर्च्या १२०.

बी-301: अरे बापरे! हे १५ जण मी धरलेच नव्हते.

सी-102 (वहिनी): मग ७०० करूया का?

ए-204: वहिनी, ७०० ला १२५ लागतात, तेही हॉलबाहेर जातं. ८०० ला ९७. ९०० ला ८०. इतके येतील असं मला वाटतं, पण केटररची एक अट आहे. त्याला किमान १०० ताटांची गॅरंटी हवी, माणसं कमी आली तरी १०० चं बिल.

सी-102: त्याने किती फरक पडतो?

ए-204: १०० ताटांपर्यंत खाण्याचा खर्च मग माणसांवर अवलंबून राहतच नाही, त्याचे ३०,००० ठरलेलेच. बरोबरी ८० ऐवजी ८२ वर येते, ते चालेल. पण पाऊस लागला आणि ६० च आले तर? जमा ५४,०००, खर्च ७२,०००. तोटा १८,०००. गॅरंटी नसती तर तोटा १०,५०० झाला असता. साडेसात हजार न खाल्लेल्या २५ ताटांचे. अन्न वाया जाईल ते वेगळंच.

बी-301: केटरर माझ्या ओळखीचा आहे. ८० ताटांवर आणतो त्याला.

ए-204: आणा काका, फार मदत होईल. ८० झाली तर ६० आले तरी तोटा १२,००० वर थांबेल.

डी-403: रंगाच्या दुकानवाल्यांनी १०,००० देतो म्हटलंय, ते धरले का?

ए-204: नाही. पैसे हातात येईपर्यंत धरणार नाही. आले तर विद्यार्थ्यांना सवलत देऊ. आत्ताच सवलत जाहीर केली तर सरासरी फी खाली येऊन ८२ चा आकडा वर चढेल.

सी-102: ठीक, ९०० ला माझी हरकत नाही. नोंदणीचा शेवटचा दिवस?

ए-204: केटररला अंतिम आकडा तीन दिवस आधी द्यायचाय, म्हणून नोंदणी पाच दिवस आधी बंद. आणि फी यूपीआयने आली तरच नाव यादीत, तोंडी नाव घेणार नाही.

बी-301: संध्याकाळी केटररकडे जाऊन येतो, मग इथेच कळवतो.