ऊसदराचा प्रश्न : केंद्राचा भाव की राज्याचा? 10 पैकी 3 गुण पडले

खानापूरची एलएलबीवाली
संविधानाच्या पेपरात 10 गुणांचा प्रश्न होता. केंद्राच्या आदेशाने उसाचा किमान दर टनाला 3,550 रुपये ठरलाय. ‘क’ राज्याने स्वतःचा कायदा करून 3,900 ठरवला. कारखान्याचं म्हणणं, राज्याचा कायदा केंद्राशी विसंगत आहे म्हणून तो रद्द करा. (अ) निर्णय द्या. (ब) पुढच्या हंगामात केंद्राने किमान दर 3,950 केला आणि राज्य 3,900 वरच राहिलं, तर उत्तर बदलेल का? मी दोन्हीकडे केंद्र-राज्य कायद्यांच्या विसंगतीचा अनुच्छेद 254 लावला आणि केंद्र वरचढ, राज्याचा कायदा रद्द असं लिहिलं. 3 मिळाले. पुनर्मूल्यांकनाला टाकावं का?

चिक्कोडीचा वकील
टाकू नका, पैसे जातील. ते 3 गुण बहुतेक (ब) चे आहेत. तिथं तुमचं उत्तर बरोबरच्या जवळ गेलंय, तेही योगायोगानं. (अ) मध्ये मात्र निकालच उलटा लागतो.

254 ला हात घालायच्या आधी बघायचं की दोन्ही सरकारांना त्या विषयावर कायदा करायचा अधिकार आहे का. एकालाच अधिकार असेल तर दुसऱ्याचा कायदा अधिकाराअभावीच पडतो, विसंगतीचा प्रश्न येत नाही. उसाच्या खरेदीची किंमत समवर्ती सूचीतल्या 33 आणि 34 या नोंदींत बसते. म्हणजे दोघांनाही अधिकार आहे. आता 254.

पण 254 म्हणजे ‘केंद्र जिंकलं’ असं नव्हे. आधी विसंगती दिसली पाहिजे. तुमच्या प्रश्नातला सगळा जीव ‘किमान’ या एका शब्दात आहे. केंद्र म्हणतं 3,550 च्या खाली देऊ नका. राज्य म्हणतं 3,900 द्या. कारखान्यानं 3,900 दिले तर केंद्राचा कुठला हुकूम मोडला? कुठलाच नाही. एकाच चेकनं दोन्ही कायदे पाळले जात असतील तर भांडण कसलं? उत्तर प्रदेशच्या ऊसदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 22 एप्रिल 2020 ला हेच सांगितलं. केंद्राचा किमान दर आणि राज्याचा त्याहून जास्त सुचवलेला दर यांत विसंगती नाही. राज्याचा दर किमानाच्या खाली गेला तर मात्र ती येते, आणि तेव्हा केंद्राचा चालतो. तुमचा (ब) तिथूनच उचललेला दिसतोय.

गोकाकचा अभ्यासू
वकीलसाहेब, इतकं सोपं नाही. ‘व्यापलेलं क्षेत्र’ विसरलात. 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा, त्याखाली 1966 चा ऊस नियंत्रण आदेश. दर, बिल, व्याज सगळं केंद्रानं भरून टाकलंय. क्षेत्र व्यापलं की राज्य बाहेर. केपीएससीच्या क्लासमध्ये आम्हाला हेच शिकवलं. ताईंचं उत्तर बरोबर आहे, तपासणारा चुकलाय.

चिक्कोडीचा वकील
कसोटी खरी आहे, लावायची जागा चुकतेय. केंद्रानं त्या विषयावर काहीतरी केलंय एवढ्यानं क्षेत्र व्यापत नाही. राज्याला आता इथं बोलायला जागाच ठेवायची नाही, असा संपूर्ण कायदा करायचा हेतू दिसावा लागतो. जो आदेश स्वतःच ‘किमान’ म्हणतो तो वरची जागा मोकळी सोडतो. ‘ठरलेली एकमेव किंमत’ असा शब्द असता तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं.

आणि 1956 चा टिका रामजी खटला वाचा, तोही उत्तर प्रदेशच्या उसाचाच. तिथं कारखानदारांनी उद्योगांविषयीच्या केंद्रीय कायद्यातल्या 18-जी कलमाकडे बोट दाखवलं. त्या कलमाखाली केंद्राला आदेश काढता येतो, म्हणून राज्याला वाव नाही, असा युक्तिवाद. न्यायालय म्हणालं, आदेश काढता येतो ही शक्यता पुरत नाही. आदेश प्रत्यक्षात निघालेला असला पाहिजे, तोवर विसंगती नाही. पेपरात कधी ‘केंद्राला अधिकार आहे, पण अजून वापरलेला नाही’ असं वाक्य दिसलं तर ते तिथं उगीच आलेलं नसतं.

टिळकवाडीचे काका
केंद्र आणि राज्य यांचा वाद म्हणता, मग आमच्या सीमाभागाचं काय? 1956 पासून आम्ही वाट बघतोय. हा 254 तिथं का नाही लावत कुणी?

चिक्कोडीचा वकील
काका, तो गाडाच वेगळा. तिथं दोन कायद्यांची टक्कर नाही. एकच केंद्रीय कायदा आहे, 1956 चा राज्य पुनर्रचना कायदा, आणि त्यानं आखलेल्या हद्दीवर महाराष्ट्राचा आक्षेप आहे. म्हणून 2004 मध्ये महाराष्ट्रानं अनुच्छेद 131 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. राज्याचं राज्याशी किंवा केंद्राशी भांडण असेल तर ते दार. हद्द बदलायचा अधिकार अनुच्छेद 3 नं संसदेला दिलाय. 254 तिथं कामाचा नाही.

टिळकवाडीचे काका
कळलं. पण उसाच्या धाग्यात तरी आमचं नाव निघालं!

निपाणीचा ऊसवाला
मला यातलं 254 का काय ते कळत नाही. माझा ऊस पलीकडं कोल्हापूर बाजूच्या कारखान्याला गेला. बिल अडीच महिने झालं तरी येईना झालंय. इकडच्या सायबाला विचारलं तर म्हणतोय कारखाना महाराष्ट्रात, तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणतात तुम्ही कर्नाटकचे. आता सांगा, माझ्यावर कुठल्या राज्याचा कायदा चालतोय?

चिक्कोडीचा वकील
दादा, तुमच्या बिलाला राज्य आडवं येतच नाही. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर सालाना 15 टक्क्यांनी व्याज, हे केंद्राच्या 1966 च्या आदेशात तिसऱ्या खंडात आहे. ते निपाणीलाही तेच आणि कागललाही तेच. वसुली मात्र कारखाना जिथं आहे तिथल्या साखर आयुक्तांकडून होते, म्हणजे पुण्याला लेखी अर्ज करा. काट्याच्या पावत्या जोडा, ऊस घातल्याची तारीख त्यावरच असते.

निपाणीचा ऊसवाला
पावत्या हाईत सगळ्या. पण व्याज देतंय कोण, आमच्या गावात कुणाला मिळाल्याचं ऐकलं नाही. आणि ते 3,550 पण हातात कुठं येतंय! तोडणी-वाहतूक कापूनच देतात की. मागच्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसला 3,500 साठी लोकं रस्त्यावर बसली, ती काय हौसेनं?

गोकाकचा अभ्यासू
यावरूनच विचारतो. केंद्राचा किमान दर, म्हणजे एफआरपी, 2025-26 ला क्विंटलला 355, तेही 10.25 टक्के साखर उताऱ्याला. उतारा कमी असेल तर दरही कमी. मग कारखान्यागणिक किमान दर वेगळा पडतो. अशा वेळी राज्याचा एकच दर एका कारखान्याला किमानाच्या वर आणि दुसऱ्याला खाली पडू शकतो. मग राज्याचा कायदा अर्धा रद्द धरायचा का?

चिक्कोडीचा वकील
हा प्रश्न तुमच्या पहिल्यापेक्षा चांगला आहे. 254 मध्ये ‘विसंगतीच्या मर्यादेपर्यंत’ असे शब्द आहेत. त्यामुळे जिथं राज्याचा दर खाली पडतो तेवढ्यापुरताच तो चालत नाही, बाकी कायदा उभा राहतो. ताईंनी दोन्ही भागांत ‘राज्याचा कायदा रद्द’ असं सरसकट लिहिलं, ते म्हणूनच खटकतं. (ब) मध्येसुद्धा कायदा मरत नाही. त्या हंगामात 3,900 चा आकडा निष्प्रभ होतो आणि कारखान्यानं 3,950 द्यायचे. माझ्या मते राज्यानं दर 4,000 केला की तोच कायदा पुन्हा चालू लागतो.

निवृत्त शिक्षिका, शहापूर
मी अनेक वर्षं हा विषय तपासलाय, म्हणून बोलते. मुलं निकाल आधी लिहितात आणि मग त्याला कारण शोधतात. या प्रश्नात ‘3,550 दिले तर राज्याचा कायदा मोडतो, 3,900 दिले तर कुठलाच मोडत नाही’ एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी मी अर्धे गुण दिले असते. 254 हा आकडा तर सगळेच लिहितात.

पण वकीलसाहेबांनी एक गोष्ट वगळली. प्रश्नात राष्ट्रपतींच्या संमतीबद्दल काही आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही. राज्याच्या विधेयकाला संमती मिळाली असेल तर 254 चा दुसरा भाग लागतो आणि त्या राज्यात राज्याचाच कायदा चालतो, अगदी (ब) मध्येही.

खानापूरची एलएलबीवाली
बाई, संमतीचा उल्लेख प्रश्नात नव्हता.

चिक्कोडीचा वकील
मग ‘संमती नाही असं गृहीत धरून’ एवढं लिहून पुढं जायचं. आणि बाई, (ब) मध्ये संमतीनंही राज्य सुटेल असं मला वाटत नाही. त्याच दुसऱ्या भागाला परंतुक आहे, संसद नंतर त्याच विषयावर कायदा करू शकते. मुंबई प्रांताच्या 1947 च्या कायद्याला संमती होती, तरी 1950 च्या केंद्रीय दुरुस्तीपुढं तो टिकला नाही. 1954 चा झवेरभाई खटला.

निवृत्त शिक्षिका, शहापूर
झवेरभाईत संसदेनं स्वतः कायदा दुरुस्त केला होता. इथं 3,950 हा आकडा कोणी आणला? केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं. तिचा मूळ कायदा 1955 चा, म्हणजे राज्याच्या कायद्याच्या आधीचा. परंतुकात संसदेनं केलेला कायदा म्हटलंय. दिल्लीतल्या मंत्रालयाची नवी अधिसूचना म्हणजे संसदेचा नवा कायदा, हे मी सहज मानणार नाही.

चिक्कोडीचा वकील
मूळ कायदा जुना असला तरी कारखान्यावरचं बंधन नव्या आकड्यानं आलंय. टिका रामजीतच ‘आदेश प्रत्यक्षात निघाला पाहिजे’ म्हटलंय. मग आदेश निघाल्यावर त्याला काहीच वजन नाही, असं कसं?

निवृत्त शिक्षिका, शहापूर
वजन आहे, वयाचा प्रश्न आहे. राष्ट्रपतींनी संमती दिली तेव्हा केंद्र दरवर्षी दर बदलतं हे त्यांना ठाऊकच होतं. तरीही दिली, म्हणजे दरवर्षीच्या आकड्यासाठी दिली. विद्यार्थ्यानं दोन्ही बाजू मांडून एक निवडली तर मी पूर्ण गुण देईन, तुमची बाजू निवडली तरी देईन. पण मला ती पटलेली नाही.

गोकाकचा अभ्यासू
आमच्या परीक्षेत चारातला एक पर्याय काळा करायचा असतो, दोन बाजू मांडायला जागा नसते. तिथं काय करू?

चिक्कोडीचा वकील
पर्यायांत ‘विसंगतीच्या मर्यादेपर्यंत’ आणि ‘संपूर्ण’ असे दोन्ही असतील तर पहिला. संमती आणि नंतरची अधिसूचना एकत्र आली तर तो प्रश्न रचणाऱ्यानं बाईंना विचारायला हवा होता.

खानापूरची एलएलबीवाली
पुनर्मूल्यांकनाला टाकत नाही. पुढच्या वेळी आधी चेक लिहून बघते, एका चेकनं दोन्ही कायदे पाळले जातात का ते. बाई, संमतीवाला मुद्दा आमच्या सरांना विचारते, ते वकीलसाहेबांच्या बाजूचे निघतील असं वाटतंय.

निपाणीचा ऊसवाला
पोरी, सरांना माझं 14 दिवसाचं पण विचार. अर्ज पुण्याला मराठीतनं चालतोय का इंग्रजीच पायजे?

चिक्कोडीचा वकील
मराठीतच लिहा. पोचपावती घ्यायला विसरू नका.