टीएचं बोलावणं आलं तर नोकरीचं काय?

लातूरकर: वय 27, एमआयडीसीत सुपरवायझर आहे. प्रादेशिक सेनेत, म्हणजे टीएत, जायचं मनात आहे. युद्धासारखी वेळ आली आणि बोलावलं, तर नोकरी जाते का? जावं की नको?

बीडचे अण्णा: नको रे बाबा. मे 2025 मध्ये ऑर्डर निघाली आणि टीएतल्या झाडून सगळ्यांना बोलावलं. वर्षातून दोन महिने रायफल धरणाऱ्याला सीमेवर नेऊन काय उपयोग?

सुभेदार (निवृत्त), नांदेड: अण्णा, ऑर्डर खरी, पण तुम्ही अर्धीच वाचली. टीए नियमांतल्या नियम 33 खाली लष्करप्रमुखांना प्रत्येकाला बोलावायचा अधिकार मिळाला. त्याच कागदात पुढं आहे की 32 पायदळ बटालियनपैकी 14 च एम्बॉडी करायच्या, म्हणजे पूर्णवेळ सेवेवर घ्यायच्या, आणि तेही बजेटात किंवा बचतीत पैसा असेल तर. बोलावणं बटालियनला येतं. तुमची त्यात नसेल तर तुम्ही घरीच. आणि टीएचं मूळ काम म्हणजे डेपो, पूल, रस्ते सांभाळून नियमित पलटणीला मोकळं करणं.

बीडचे अण्णा: मग काश्मीरमधल्या टीए बटालियन अतिरेक्यांशी लढतात, ते?

सुभेदार (निवृत्त), नांदेड: ती तिथलीच पोरं, होम अँड हर्थवाली. वर्षानुवर्षं एम्बॉडी असतात, त्यामुळं हात बसलेला असतो. आपल्याकडच्या पोराचं पहिल्या वर्षी महिनाभर रिक्रूट ट्रेनिंग, मग दरवर्षी दोन महिन्यांचा कॅम्प. तेवढ्यावर पेट्रोलिंग शिकवता येत नाही, हे मात्र मान्य.

जालन्याचा फिटर: दादा, खरा प्रश्न मालकाचा आहे. माझा चुलतभाऊ कोल्हापूरच्या टीएत. कॅम्पचं पत्र आलं की साहेबाचं तोंड वाकडं. कॅम्पच्या दिवसांचा पगार फौजेच्या दरानं मिळतो, पण परत आल्यावर मशीन दुसऱ्याकडं. कायद्यात कामावर परत घ्यायची तरतूद आहे म्हणे, पण कंत्राटी माणूस कुठं भांडणार?

सुभेदार (निवृत्त), नांदेड: 1948 च्या कायद्याचं कलम 7A आहे ना, त्यात मालकानं परत घ्यायचंच आहे. पत्र मिळाल्याची पोच एचआरकडून लेखी घ्या, नाहीतर नंतर हातात काही राहत नाही. कंत्राटी असाल तर आधी वकिलाला विचारा.

पैठणची मावशी: माझ्या लेकराला संभाजीनगरच्या झाडं लावणाऱ्या पलटणीत घ्या की! जवळ पडेल.

सुभेदार (निवृत्त), नांदेड: ताई, ती 136 इको बटालियन. तिच्यात माजी सैनिक घेतात, नवं पोरगं नाही.

लातूरकर: आणि पेन्शन?

सुभेदार (निवृत्त), नांदेड: जवानाला एम्बॉडी झालेले दिवस जोडून 15 वर्षं भरावी लागतात. नुसत्या कॅम्पवर ती कधी भरायची, तूच हिशोब कर.

बीडचे अण्णा: तेच तर म्हणतोय मी!

जालन्याचा फिटर: तरी भाऊ म्हणतो, पुढच्या कॅम्पलाही जाणार.