अख्खा गर तीन टक्क्यांनी वाढला, पण खरंच वाढला का?

बोंडूवाला
सावंतवाडीजवळ आमचं छोटं काजू युनिट आहे. बी उकडायची वेळ दोन मिनिटांनी वाढवली. एकूण गरात अख्खा गर वजनाने किती टक्के निघाला, ते रोज संध्याकाळी ग्रेडिंग झालं की वहीत लिहितो.
आधीचे 12 दिवस: 70, 71, 74, 73, 69, 72, 68, 71, 73, 75, 72, 70
वेळ वाढवल्यावर 6 दिवस: 73, 76, 72, 75, 74, 77
सरासरी 71.5 वरून 74.5 झाली. भाऊ म्हणतो, फरक पडला, हेच कायम करूया. मला धीर होत नाही, कारण 74 नि 75 आधीही आलेच होते. मधली, वरची नि खालची रेषा आखून रोजचे आकडे त्यावर मांडतात, तो कंट्रोल चार्ट लावला तर कळेल का?

माडाखालचा
माका ह्यां काय पटत नाय. सहाच्या सहा दिवस आकडो जुन्या सरासरीच्या वर असताना चार्ट कित्याक होयो? चार्ट टेलिफोनच्या कारखान्यात 1924 साली निघाला, तिथे एकासारखा एक भाग तयार होतो. आमच्या बीचं काय, एका पोत्यात मोठं, दुसऱ्यात बारीक. त्यापेक्षा गराचा रंग बघा. उकड जास्त झाली की गर पिवळट पडतो, मग अख्खा असून काय उपयोग?

आकडेमोड
सोपं आहे. अठराही दिवसांची सरासरी 72.5 आणि प्रमाण विचलन 2.43. त्याची तिप्पट वर-खाली केली की मर्यादा 65.2 ते 79.8 येतात. सगळे आकडे आत आहेत, म्हणजे काही बदललेलं नाही. भावाला सांगा, उगाच वाफ जाळू नका.

चिपीची माई
आकडेमोड, गुणाकार बरोबर आहे, पण ज्या बदलाचा संशय आहे तोच बदल तुम्ही मोजपट्टीत मिसळलात. नवे सहा दिवस आत घेतले की मधली रेषाही वर सरकते आणि पट्टाही रुंद होतो. 72.5 च्या रेषेवरून बघितलं तर तिसऱ्या दिवशीचा 72 खाली जातो आणि सलगता तुटते. चोराची झडती घ्यायला चोरालाच बसवल्यासारखं झालं ते.

रेषा आधीच्या 12 दिवसांवरूनच काढायच्या. लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक लिहा, वजाबाकीची खूण सोडून: 1, 3, 1, 4, 3, 4, 3, 2, 2, 3, 2. बेरीज 28, भागिले 11, म्हणजे साधारण 2.55. त्याला या चार्टसाठी ठरलेल्या 2.66 ने गुणलं की 6.8. मधली रेषा 71.5, वरची 78.3, खालची 64.7. एवढं काम एका पानावर पेन्सिलीने होतं. मी लोट्याच्या एमआयडीसीत क्वालिटीत होते, तेव्हा आम्ही भिंतीला कागद चिकटवूनच करायचो.

आता नवे सहा दिवस याच रेषांवर मांडा. 78.3 च्या बाहेर एकही नाही. 75 नि 77 बद्दल भाऊ हुरळला असेल, पण एकेकटे बघितले तर ते नेहमीच्या चढउतारातलेच. बघण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: सहाही मधल्या रेषेच्या वर आहेत. काही बदललं नसेल तर दिवस वर पडेल की खाली, हे जवळपास नाणेफेकीसारखं असतं, आणि सलग सहा छापा कधीतरी पडतातच. म्हणून सलग आठ झाले की मगच संकेत मानायचा असं आम्ही धरायचो. तुमचे सहा झालेत. अजून दोन दिवस थांबा, मधे वाफेच्या नळाला हात लावू नका.

माडाखालचा
आठच का? सात का नाय?

चिपीची माई
सात घेणारेही आहेत. आठही सलग वरच्याच बाजूला पडायची शक्यता 256 मध्ये एक. त्यापेक्षा सैल नियम घेतला तर खोटी हाक वाढते, कडक घेतला तर खरा बदल उशिरा कळतो. नियम आकडे बघायच्या आधी ठरवायचा, एवढंच खरं. बारा दिवस हाही पाया पातळच आहे. वीस असते तर रेषांवर मला जास्त भरवसा वाटला असता.

बर्फवाला
आम्ही मासळीसाठी बर्फ करतो. आम्हीही रेषा आखल्या होत्या, गिऱ्हाईकाला चालेल ते तापमान वर-खाली धरून. मिठाच्या पाण्याचं तापमान उणे 8 झालं की ऑपरेटर व्हॉल्व्ह उघडायचा, उणे 12 झालं की बंद करायचा. चढउतार कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. त्या रेषांनी आमचं काही भलं झालं नाही.

चिपीची माई
बर्फवाले, त्या गिऱ्हाईकाच्या रेषा होत्या, यंत्राच्या नव्हेत. गिऱ्हाईकाला काय हवं ते तो ठरवतो, पण यंत्र आपोआप किती हलतं ते त्याचे स्वतःचे आकडे सांगतात. नेहमीच्या हलण्यावर प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह फिरवलात, म्हणजे यंत्राच्या हलण्यात तुमचा हात मिसळला, म्हणून वाढलं. पाण्याची स्वतःची हालचाल आधी काही दिवस हात न लावता मोजली होती का?

बर्फवाला
हात न लावता? मालक असेपर्यंत शक्य नाही.

बोंडूवाला
दोन दिवस थांबलो. सातवा 74, आठवा 73. सलग आठ झाले! भाऊ तर आजच बोर्डावर नवी वेळ लिहायला निघाला.

चिपीची माई
अभिनंदन करायच्या आधी एक विचारते. आठाचा संकेत म्हणजे युनिटात काहीतरी बदललं. ते उकडीमुळेच बदललं, हे चार्ट सांगत नाही. त्याच दिवसापासून आणखी काय बदललं? बीची लॉट, कटिंगवरच्या बायका, उकडल्यावर बी गार व्हायला किती वेळ ठेवता ते, संध्याकाळी ग्रेडिंगला बसणारं माणूस?

बोंडूवाला
माणसं तीच. पण वही उघडली आणि लक्षात आलं, वेंगुर्ला-4 ची नवी लॉट त्याच सकाळी उघडली होती. आधीची गावठी बी होती, लहान.

माडाखालचा
बघा! मी पोत्याचंच बोललंय. तुमच्या रेषेन काय सांगितल्यान? काय नाय.

चिपीची माई
पोतं बदललं हे तुम्हीही आता वही उघडल्यावरच बोलताय, भाऊ. आठ दिवस झाले म्हणून वही उघडली. पण तुमचा मूळ मुद्दा मान्य: मोठी बी कटिंगला सोयीची असते, आणि यात उकडीचा वाटा किती ते या 20 दिवसांत वेगळं काढता येणार नाही.
बोंडूवाले, तीच नवी लॉट रोज अर्धी अर्धी करा. एक उकड जुन्या वेळेने, दुसरी नव्या वेळेने, दोन्ही एकाच दिवशी, आणि गर वेगवेगळा तोला. कोणती आधी हे रोज उलटसुलट करा, नाहीतर तापलेल्या बॉयलरचा फायदा एकीलाच जाईल. दहा दिवस रोजचा फरक लिहा, म्हणजे बी दोन्हीकडे सारखी राहील.

आकडेमोड
म्हणजे शेवटी मीच बरोबर, उकडीने काही होत नाही?

चिपीची माई
तेही नाही. अजून माहीत नाही.

बोंडूवाला
एक अडचण आहे. बॉयलर एकच आहे, आणि दोन लॉट वेगळ्या ठेवून उकडायला जागा नाही. जुनी गावठी बी दोन पोती उरली आहेत. ती नव्या वेळेने उकडून बघू का?

माडाखालचा
दोन पोत्यांत किती दिवस जातील? आणि लवकर करा, मिरग येतोय. बी दमट झाली की सगळ्या रेषा पुन्हा आखूक लागतील.