कात्री उघडली म्हणून मॉडेल पुसायचं? (व्हॅलिडेशन लॉस वर, ट्रेनिंग लॉस खाली)

मूळ पोस्ट – विदागार_नवा

नगरपालिकेकडे आलेल्या मराठी तक्रारी सहा खात्यांत वाटायच्या आहेत. ट्रेनिंगला ८,०००, व्हॅलिडेशनला १,०००. तयार मराठी मॉडेल घेऊन फाइन-ट्यून केलं. व्हॅलिडेशन लॉस चौथ्या एपॉकला सर्वांत कमी, ०.३५६. बाराव्याला ०.४९६. ट्रेनिंग लॉस मात्र खालीच चाललाय. कात्री उघडली म्हणजे ओव्हरफिट, विषय संपला. चौथं ठेवतो, बाकीची पुसतो. अशा वेळी अ‍ॅक्युरसी बघत बसणारे स्वतःची समजूत घालत असतात. दोन्ही एपॉकच्या व्हॅलिडेशन लॉजिटची फाइल जोडली आहे, कुणाला तपासायचं असेल तर तपासा.

सातारकर

तपासली, आणि अ‍ॅक्युरसीवाल्या वाक्याचा राग आला म्हणून सविस्तर लिहितोय. आधी एक विनंती: बारावं मॉडेल आज पुसू नका.

चौथ्या एपॉकला १,००० पैकी ८८० तक्रारी योग्य खात्यात गेल्या, बाराव्याला ९००. लॉस वाढला आणि चुका कमी झाल्या, दोन्ही एकाच वेळी. हे कसं घडलं ते बरोबर आणि चूक असे दोन ढीग वेगळे केल्यावर दिसतं. चौथ्याला बरोबर उत्तरांचा सरासरी लॉस ०.२० आणि १२० चुकांचा १.५ आहे. म्हणजे ०.१७६ अधिक ०.१८०, झाले ०.३५६. बाराव्याला बरोबर उत्तरांचा ०.०४ वर आला, पण उरलेल्या १०० चुकांचा सरासरी लॉस ४.६ झाला. ०.०३६ अधिक ०.४६०, झाले ०.४९६. तुमची सगळी वाढ त्या शंभर तक्रारींतून आलेली आहे. ४.६ म्हणजे खऱ्या खात्याला मॉडेलने साधारण शंभरात एक इतकीच शक्यता दिली. आधी ते चाचरत चुकत होतं, आता छातीठोकपणे चुकतंय.

ट्रेनिंगमधली जवळपास सगळी उत्तरं बरोबर यायला लागली की ट्रेनिंग लॉस आणखी खाली नेण्याचा एकच रस्ता उरतो, लॉजिट मोठे करत जाणं. तेच मोठे लॉजिट व्हॅलिडेशनमधल्या चुकांनाही लागतात आणि लॉगरिदम तिथे जबर दंड लावतो. २०१७ मध्ये गुओ आणि सहकाऱ्यांनी सिफार-१०० वर हेच दाखवलं होतं: लॉस बिघडत असतानाही चुकांचं प्रमाण उतरत होतं.

म्हणून कात्री दिसली की आधी एक गोष्ट करून बघा. प्रत्येक एपॉकचे सगळे लॉजिट त्या एपॉकपुरत्या एकाच आकड्याने भागा. तो आकडा असा निवडा की व्हॅलिडेशन लॉस कमीत कमी होईल. सगळ्यांना एकाच आकड्याने भागल्यामुळे कुठलंही उत्तर बदलत नाही, फक्त आवाज खाली येतो. मग लॉसची तुलना करा. तुमच्या फाइलवर चौथ्याला १.१ ने भागावं लागलं आणि लॉस ०.३५२ झाला. बाराव्याला २.३ ने भागलं तर ०.३३८. आवाज सारखा केल्यावर कात्री मिटली. भागल्यानंतरही बारावं वर राहिलं असतं तर मी मुकाट्याने तुमचं म्हणणं मान्य केलं असतं.

विदागार_नवा

ज्या व्हॅलिडेशनवर आकडा निवडला त्याच्यावरच लॉस मोजलात. याला तपासणी म्हणायचं? आणि ८८ ते ९०, हजारात वीसचा फरक. इतका तर नशिबानेही पडतो.

रोहिणी_पुणे

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. एकच आकडा आणि हजार नमुने असले की फसगत फार होत नाही, पण ०.०१४ चा फरकही फार नाही. मी फाइलचे यादृच्छिक दोन भाग करून एकावर आकडा काढला आणि दुसऱ्यावर लॉस मोजला. वीस वेळा केलं. चौदा वेळा बारावं पुढे, सहा वेळा चौथं. सातारकर, "कात्री मिटली" इथवर ठीक आहे. बारावं जिंकलं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यात तुम्ही घाई केलीत, नवा. दोन्ही मॉडेलांना तक्रारी त्याच दिल्यात, तेव्हा दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवून तुलना करायची नाही, कुठल्या तक्रारींचं उत्तर बदललं ते मोजायचं. ४५ चुकीच्या होत्या त्या बरोबर झाल्या, २५ बरोबर होत्या त्या बिघडल्या. दोन्ही मॉडेलं सारखीच असती तर ७० पैकी ३५-३५ च्या आसपास पडलं असतं. ४५-२५ निव्वळ योगायोगाने पडणं अवघड आहे, अशक्य नाही. तरी हे एकाच सीडचं झालं. तीन वेळा ट्रेन केल्याशिवाय मी यावर पैज लावणार नाही.

ऊसकरी

आमच्याकडेही अगदी असंच झालं होतं. उसाच्या पानांवरचा रोग ओळखायचा होता. एकाच शेतातले फोटो ट्रेनिंगमध्येही आणि व्हॅलिडेशनमध्येही गेले होते. शेतवार वाटणी केली आणि सगळं सुटलं. तुमचंही तेच असणार, एकच तक्रार दोनदा आली असेल. वाटणी दुरुस्त करा, लॉस खाली येईल.

सातारकर

दादा, उलटं आहे. तीच तक्रार दोन्हीकडे असेल तर व्हॅलिडेशन लॉस खोटा खाली दिसतो. गळती बुजवली की तो वर जाईल. तुमच्याकडे वाटणी बदलल्यावर लॉस वाढला होता की उतरला होता?

ऊसकरी

वाढला होता. अ‍ॅक्युरसी ९७ वरून ८१ वर आली. सुटलं म्हणजे खरं काय ते कळलं, असं म्हणायचं होतं. तरी नक्कल झालेल्या तक्रारी शोधाच, माझं ऐका.

विदागार_नवा

सातारकर, तुमचे शंभर छातीठोक चुकलेले नमुने मी लॉसच्या उतरत्या क्रमाने लावून त्यातले पहिले ५० वाचले.

```python
l = F.cross_entropy(logits, y, reduction="none")
idx = l.argsort(descending=True)[:50]
```

एकूण लॉस ४९६, त्यातला सव्वातीनशे या ५० तक्रारींचा. आणि यातल्या निम्म्याहून जास्त लेबलं कचरा आहेत! "पाइप फुटला, रस्ता खचला, दोन दुचाकीवाले पडले" याला लेबल 'रस्ते'. मॉडेल म्हणतं 'पाणीपुरवठा'. मॉडेलच बरोबर आहे. लेबल लावणाऱ्यांनी तक्रारी वाचल्याच नाहीत, पैसे घेतले आणि बटणं दाबली. माझे तीन आठवडे यात गेले.

मंदा_चिपळूण

दोन वर्षं मी हेच काम केलंय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही. आम्हाला दिवसाला ३०० तक्रारींचं लक्ष्य होतं. सहा बटणं होती. "दोन्ही खाती" असं सातवं बटण नव्हतं. पाइप फुटून रस्ता खचला, तर काय दाबायचं? आम्ही विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "ज्याचा उल्लेख शेवटी आहे ते." मी वाचून दाबत होते. माझ्या शेजारची 'पहिला उल्लेख' धरायची, कारण तिला दुसऱ्याने तसं सांगितलं होतं. याला कचरा म्हणता? सहा बटणं कुणी ठरवली ते विचारा.

विदागार_नवा

ताई, तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण लेबल चूक म्हणजे चूकच.

मंदा_चिपळूण

त्या ५० मधल्या किती चूक आणि किती दोन खात्यांच्या, ते मोजलंत का?

विदागार_नवा

आत्ता मोजलं. १९ दोन खात्यांच्या. ८ उघड चूक ("पथदिवा बंद" याला 'गटार'). उरलेल्या २३ मध्ये लेबल ठीक आहे, चूक मॉडेलची. "निम्म्याहून जास्त कचरा" हे मागे घेतो. आठच.

मंदा_चिपळूण

माफी मागितली असती तर बरं वाटलं असतं. असो. त्या १९ ना एकच खातं बरोबर ठरवलंत तर कुठलंही मॉडेल तिथे हरणार. आणि ट्रेनिंगच्या ८,००० मध्येही अशा असणारच. निम्म्यांत पहिला उल्लेख, निम्म्यांत शेवटचा. मॉडेल शिकणार काय?

रोहिणी_पुणे

ताईंच्या या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. सुरुवातीच्या एपॉकना अशा तक्रारीवर मॉडेल दोन खात्यांना अर्धी-अर्धी शक्यता देतं. प्रामाणिक उत्तर तेच आहे, आणि लॉस पडतो साधारण ०.७. पुढे ते ट्रेनिंगमधली प्रत्येक तक्रार तिच्या लेबलसकट पाठ करतं. मग व्हॅलिडेशनमधल्या नव्या तक्रारीवरही एकच बाजू ठामपणे धरतं, आणि अर्ध्या वेळा उलटी पडते. हे मात्र खरं ओव्हरफिटिंग आहे, सातारकर. तुमच्या भागाकाराने ते झाकलं जातं. एकच आकडा सोप्या तक्रारीला आणि दुविधेच्या तक्रारीला सारखाच लागतो. गेलेली दुविधा त्याने परत येत नाही.

सातारकर

हे मान्य करावं लागतंय, आणि आवडत नाहीये. त्या १९ वर चौथं मॉडेल खरंच जास्त चांगलं आहे. आत्ता पाहिलं, त्यातल्या १४ मध्ये चौथ्याची पहिली दोन खाती योग्य आहेत आणि शक्यता जवळपास आहेत. बाराव्यात दुसरं खातं शून्याला टेकलंय. बाकीच्या ९८१ बद्दलचं माझं म्हणणं तसंच आहे.

विदागार_नवा

मग आता मी काय करू? ०.९ च्या वर शक्यता असेल तर तक्रार थेट खात्याकडे जाते, खाली असेल तर कारकून वाचतो, असं ठरलंय.

सातारकर

हे आधी सांगायला हवं होतं! मग नुसती अ‍ॅक्युरसी पाहून भागणार नाही. ०.९ च्या वर चौथ्याच्या ६१० तक्रारी जातात, त्यातल्या १२ चुकीच्या. बाराव्याच्या ९३० जातात, ६२ चुकीच्या. बारावं न भागता बसवलंत तर ६२ तक्रारी भलत्याच खात्यात जाऊन पडतील आणि कुणाच्या नजरेलाही येणार नाहीत. तुमचा आलेख तुम्हाला या धोक्याची सूचना देत होता, तुम्ही ती "ओव्हरफिट" म्हणून वाचलीत. बारावं वापरायचं तर २.३ ने भागून, आणि ०.९ ची रेषा नव्याने ठरवून.

विदागार_नवा

म्हणजे चौथं ठेवायचा माझा निर्णय बरोबरच होता.

रोहिणी_पुणे

निर्णय कदाचित बरोबर असेल. त्याचं जे कारण दिलंत ते चूक होतं. पुढच्या वेळी ०.९ ची रेषा नसेल तेव्हा याच कारणाने चांगलं मॉडेल पुसाल.

ऊसकरी

नक्कल तक्रारी शोधल्या का कुणी?

विदागार_नवा

शोधल्या. ३१ सापडल्या, एकाच सोसायटीने सगळ्यांना एकच मजकूर पाठवायला सांगितला होता. त्यातल्या ११ व्हॅलिडेशनमध्ये, आणि त्या अकराही दोन्ही मॉडेलांनी बरोबर ओळखल्यात. त्या काढून पुन्हा मोजतो. बारावं पुसलेलं नाही. तीन सीडनी आज रात्री चालवायला लावतो. मंदाताई, ते १९ नमुने तुम्हाला पाठवू का? सातवं बटण कसं असावं ते सांगाल?

मंदा_चिपळूण

पाठवा. पण नुसते १९ नकोत, ट्रेनिंगमधलेही शंभरेक पाठवा. पहिला उल्लेख आणि शेवटचा उल्लेख कुणी धरलाय ते मला वाचून ओळखता येईल.