ओकेआरचे टक्के प्रकल्पातील कामांवरून काढावेत का?

तिमाहीकर (मूळ प्रश्न)
आमची पुण्यातील बावीस जणांची कंपनी किरकोळ दुकानदारांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर तयार करते. या तिमाहीपासून आम्ही ओकेआर सुरू केले आहेत, म्हणजे ध्येय ठरवायचे आणि ते गाठले की नाही हे मोजण्यासाठी त्याखाली ‘की रिझल्ट’ लिहायचे. टास्क बोर्डावरील प्रत्येक डिलिव्हरेबल, म्हणजे पूर्ण करून द्यायचे काम, एखाद्या की रिझल्टला जोडावे आणि जितके टक्के कामे होतील तितके टक्के की रिझल्ट गाठला असे धरावे, असा व्यवस्थापकांचा आग्रह आहे. हे योग्य आहे का?

रोजमेळ
जोडणी अवश्य करावी, मात्र टक्के खालून वर नेऊ नयेत. मी जवळून पाहिलेल्या, तुमच्यासारख्याच एका कंपनीत ‘इन्स्टॉलेशनपासून पहिले खरे जीएसटी बिल निघेपर्यंतचा काळ १८ दिवसांवरून ७ दिवसांवर आणणे’ असा की रिझल्ट होता. त्याखाली तीन डिलिव्हरेबल होती: टॅलीतून मालाची यादी आयात करण्याची सोय, प्रशिक्षणाचे व्हिडिओ आणि नवा सेटअप स्क्रीन. तिन्ही वेळेत झाली, बोर्डावर सगळे हिरवे झाले, पण प्रत्यक्ष काळ १६ दिवसांवरच अडकून राहिला.

प्रत्येक नव्या ग्राहकाच्या नोंदी तारखांसह समोर मांडल्यावर कळले की विलंब सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. दुकानदाराच्या यादीत एकच वस्तू तीन नावांनी होती, जीएसटी बिलासाठी लागणारे वस्तूंचे एचएसएन कोड रिकामे होते, आणि ते भरून देणारा अकाउंटंट रिटर्न भरण्याच्या गडबडीत असल्यामुळे यादी आठ-आठ दिवस त्याच्याकडे पडून राहत होती. मग सपोर्टमधील एकाने यादी स्वतः साफ करून दुकानदाराकडून फोनवर खात्री करून घ्यायची असे ठरले आणि काळ ९ दिवसांवर आला. हे काम मूळ प्रकल्प आराखड्यात कुठेच नव्हते. टक्के कामांवरून काढले असते, तर ते शोधण्याची गरजही कोणाला वाटली नसती.

म्हणून प्रत्येक डिलिव्हरेबलसमोर एकच वाक्य लिहावे: हे झाल्यावर कोणता आकडा हलेल आणि साधारण किती आठवड्यांनी. तिमाही तेरा आठवड्यांची असते. अकराव्या आठवड्यात रिलीज झालेल्या सोयीचा परिणाम त्या तिमाहीत दिसत नाही. ज्या कामावर आकडा अवलंबून आहे, ते सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत ग्राहकाच्या हाती पडायला हवे.

खानेसुमारी
मला हे पटत नाही. छोट्या कंपनीला तिमाहीत नवे ग्राहक मिळणार दहा-बारा. त्यातला एक दुकानदार लग्नासाठी गावी गेला, तर सरासरी दोन-तीन दिवसांनी वाढते. अशा आकड्यावरून डिलिव्हरेबल उपयोगी की निरुपयोगी हे ठरवणे अन्यायाचे आहे. काम काय, कोणाचे आणि कोणत्या तारखेला, एवढे नीट पाळले तरी बावीस जणांना पुरे आहे.

रोजमेळ
सरासरीबद्दलचा आक्षेप मान्य आहे. इतक्या कमी संख्येत मध्यक पाहावा, आणि त्याहून बरे म्हणजे दहाही ग्राहकांच्या तारखा एकेक करून वाचाव्यात, कारण छोट्या कंपनीला ते शक्य असते. सोय रिलीज होण्यापूर्वी आलेले ग्राहक मात्र या हिशेबात धरू नयेत. केवळ तारखा पाळण्याबद्दल म्हणाल, तर वरच्या उदाहरणात तारखा सगळ्या पाळल्या गेल्या होत्या.

ध्येयवेडी
मुळात डिलिव्हरेबल हा की रिझल्ट असूच शकत नाही. की रिझल्ट म्हणजे नेहमी परिणामच असला पाहिजे.

रोजमेळ
‘नेहमी’ म्हणता येणार नाही. ही पद्धत जिथे रुजली त्या इंटेलमध्ये, १९८० साली मोटोरोलाच्या ६८००० या चिपशी स्पर्धा करताना, ८०८६ चिपची कामगिरी दाखवणाऱ्या पाच चाचण्या तयार करून प्रसिद्ध करणे हा एक की रिझल्ट होता, म्हणजे सरळसरळ डिलिव्हरेबलच. मात्र त्याच मोहिमेत वर्षभरात २,००० ठिकाणी ग्राहकांच्या नव्या उत्पादनांत आपली चिप निवडली जावी, असेही लक्ष्य होते. परिणामाचा आकडा वेगळा मोजला जात असेल, तर एखादे डिलिव्हरेबल की रिझल्टच्या यादीत आल्याने बिघडत नाही.

कंत्राटी_गडी
आमच्याकडे ओकेआरवरून पगारवाढ ठरते. आम्ही ग्राहकांसाठी ठरलेल्या किमतीत प्रकल्प करतो आणि टप्पा मंजूर झाला की पैसे येतात. असे काम कोणत्या की रिझल्टला जोडायचे? गेल्या वेळी ओढूनताणून ‘ग्राहकाचे समाधान’ याला जोडले, त्यातून हाती काहीच लागले नाही.

रोजमेळ
पगारवाढीचा मुद्दा या प्रश्नापेक्षा वेगळा आहे; तो त्यात आला की लोक सहज गाठता येतील असेच आकडे लिहितात. कंत्राटातले काम मात्र जोडूच नये. ते बोर्डावर ‘बांधील काम’ म्हणून स्वतंत्र ठेवावे आणि त्यात किती माणसे गुंतली आहेत तेवढे लिहावे, म्हणजे ओकेआरसाठी खरोखर किती हात उरतात ते दिसेल.

तिमाहीकर
आमचे निम्म्याहून अधिक काम बांधीलच निघेल. शिवाय आयातीची सोय दोन की रिझल्टना उपयोगी पडते आहे. ती दोन्हींखाली दाखवावी का?

खानेसुमारी
एकाच्याच खाली दाखवा, नाहीतर एकाच कामाचे श्रेय दोनदा घेतले जाईल.

रोजमेळ
टक्केच काढायचे नसतील, तर श्रेय दोनदा मोजले जाण्याचा प्रश्न येत नाही. मी दोन्हींखाली दाखवीन, पण जबाबदार व्यक्ती एकच ठेवीन.